पंधरा टक्के आणि नव्वद मिनिटे

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एका कंपनीचे तीन कारखाने होते. विमानांना आणि मोटारींना लागणारे छोटे यांत्रिक सुटे भाग तिथे तयार होत. 1980च्या दशकात कंपनीच्या हातून काही मोठी कंत्राटे निसटली आणि रोख पैशाची चणचण भासू लागली. माणसे कमी करण्याऐवजी व्यवस्थापनाने दुसरा मार्ग धरला. दोन कारखान्यांतल्या सगळ्यांचा पगार दहा आठवड्यांसाठी 15 टक्क्यांनी कापायचा ठरले. तिसऱ्या कारखान्यावर कंत्राटे जाण्याचा परिणाम झाला नव्हता, म्हणून तिथे पगाराला हात लावला नाही.

दोन्ही कारखान्यांत कपात सारखी, मुदत सारखी आणि कारणही एकच. फरक होता तो फक्त ही बातमी कामगारांपर्यंत कशी पोहोचली, त्यात.

एका कारखान्यात वरिष्ठ अधिकाऱ्याने सगळ्यांना एकत्र बोलावले आणि सुमारे दीड तास त्यांच्याशी बोलणे केले. कोणती कंत्राटे गेली, त्याने तिजोरीत किती खड्डा पडला, कपात केली तर दहा आठवड्यांत तो कसा भरून निघेल, हे त्याने तक्ते आणि आलेख दाखवून समजावले. कोणालाही घरी पाठवायचे नाही म्हणून हा मार्ग धरला आहे, आणि कपात सगळ्यांना लागू आहे, कोणाला सूट नाही, हेही सांगितले. हे करावे लागते आहे याचे वाईट वाटते, असे त्याने एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा म्हटले. त्यानंतरचा बराच वेळ कामगारांच्या प्रश्नांना दिला.

दुसऱ्या कारखान्यातली बैठक पंधरा मिनिटांत आटोपली. धंद्यात कधीकधी खर्च कमी करावा लागतो, तशी वेळ आली आहे, अमुक तारखेपासून पगार इतका कमी येईल. एकदोन प्रश्न झाले आणि सभा उठली.

या दोन बैठका अशा वेगवेगळ्या व्हाव्यात, ही योजना जेराल्ड ग्रीनबर्ग या संघटना-मानसशास्त्रज्ञाची होती. कोणत्या कारखान्यात कोणती बैठक होणार, हे त्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. नंतर काय घडले याची नोंद करायला त्यांनी एक अगदी रुक्ष आकडा निवडला. हत्यारे, सुटे भाग, कच्चा माल यांतला जो भाग विक्री, वापर, मोडतोड आणि नेहमीची घट धरूनही हिशेबात सापडत नाही, त्याची टक्केवारी. गोदामाच्या भाषेत ही तूट, आणि तिचा बराचसा भाग म्हणजे चोरी. हा आकडा कंपनी एरवीही काढतच असे. त्यामुळे कोणाला प्रश्न विचारावे लागले नाहीत, आणि खोटे उत्तर मिळण्याची भीतीही उरली नाही.

कपातीआधी तिन्ही ठिकाणी ही तूट 3 टक्क्यांच्या आसपास होती. कपातीच्या दहा आठवड्यांत, पंधरा मिनिटांची बैठक झालेल्या कारखान्यात ती जवळपास तिप्पट झाली. दीड तासाच्या बैठकीच्या कारखान्यातही ती वाढली, पण पुष्कळ कमी. दोघांची तुलना केली तर पहिल्या ठिकाणची चोरी दुसऱ्यापेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी अधिक भरली. जिथे पगार कापलाच नव्हता तिथला आकडा हलला नाही. पगार पूर्ववत झाल्यावर बाकी दोन्हीकडेही तूट जुन्या पातळीवर आली. मात्र तोवर पंधरा मिनिटांच्या कारखान्यातून जवळजवळ एक चतुर्थांश माणसे राजीनामा देऊन गेली होती. दुसरीकडे ही संख्या एकदोनपलीकडे गेली नाही.

1990 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कामाच्या ठिकाणच्या न्यायाबद्दलची चर्चा त्याने कायमची बदलली. तोवर या चर्चेचा भर मुख्यतः वाट्यावर होता.

वाट्याचा न्याय आपल्याला नीट कळतो. मराठीत त्यासाठी पंक्तिप्रपंच हा नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्या एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात वरणाचे पाणी. 1960च्या दशकात जे. स्टेसी ॲडम्स यांनी याच भावनेला सिद्धांताचे रूप दिले. माणूस स्वतःला किती मिळाले एवढेच पाहत नाही. आपण किती घातले आणि किती मिळाले हे प्रमाण तो शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. शेजारी तेवढेच काम करून जास्त घेऊन जात असेल तर त्याच्या मनात सल राहतो. मग तो काम कमी करतो, पगारवाढ मागतो, नोकरी सोडतो, किंवा हिशेब आपल्या हाताने बरोबर करतो. कारखान्यातून पाना-पक्कड घरी नेणे हे त्या शेवटच्या मार्गाचे उदाहरण.

पण ॲडम्स यांच्या हिशेबाने दोन्ही कारखान्यांत सारखीच चोरी व्हायला हवी होती, कारण वाटा सारखाच कापला गेला होता. तसे झाले नाही. म्हणजे वाट्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट माणसे मोजत होती.

तिचा सुगावा आधी न्यायालयांच्या अभ्यासात लागला होता. जॉन थिबो हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स वॉकर हे कायद्याचे अभ्यासक. या दोघांनी 1975 सालच्या पुस्तकात दाखवले की खटला हरलेला माणूसही, आपली बाजू पुरेशी मांडायला मिळाली असे त्याला वाटले, तर निकाल पुष्कळ अंशी मान्य करतो. निकालाच्या न्यायाहून वेगळा असा रीतीचा न्याय असतो, हे त्यांचे सांगणे. पुढे जेराल्ड लेव्हेन्थल यांनी या रीतीच्या कसोट्या मांडल्या. नियम सगळ्यांना आणि सदासर्वकाळ एकच असावा, निर्णय घेणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा, माहिती खरी असावी, चूक झाली तर दुरुस्तीची सोय असावी, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे त्यात आलेले असावे, आणि हे सगळे सभ्यतेच्या चौकटीत व्हावे. कुठल्याही कचेरीत बढतीची यादी लागल्यावर चहाच्या टपरीवर जी कुजबुज चालते, ती ऐकली तर याच कसोट्या तिथे वेगळ्या शब्दांत सापडतात. "त्याला मिळाली याचं काही नाही, पण मुलाखत तरी सगळ्यांची घ्यायची."

त्या दीड तासात नेमके काय होते, ज्याने चोरी रोखली? आकडेवारी की आस्था? कारखान्यात दोन्ही एकत्र दिल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिथून हे कळणे शक्य नव्हते. म्हणून ग्रीनबर्ग यांनी 1993 साली प्रयोगशाळेत दोन्ही सुटे केले. विद्यार्थ्यांना एका कामाचे 5 डॉलर कबूल केले आणि काम झाल्यावर सांगितले की 3च मिळतील. काहींना दर का उतरला याची खरीखुरी, तपासता येईल अशी माहिती दिली, काहींना गुळमुळीत उत्तर. काहींशी आपुलकीने, मनापासून वाईट वाटून बोलले, काहींशी कोरडेपणाने. मग टेबलावर पैसे ठेवले, ते किती आहेत ते ठाऊक नाही असे सांगितले, आपले 3 डॉलर मोजून घ्या म्हणून सुचवले आणि प्रयोग घेणारा खोलीबाहेर गेला.

पक्की माहिती मिळालेल्यांनी कमी जास्तीचे उचलले. आपुलकी मिळालेल्यांनीही कमी उचलले. दोन्हींचा परिणाम वेगवेगळा मोजता येत होता आणि दोन्ही एकत्र मिळालेल्यांनी सर्वांत कमी हात मारला. म्हणजे गोड बोलण्याने कागद भरून निघत नाही आणि कागदाने गोड बोलणे भरून निघत नाही. कपातीची बातमी ईमेलमधून आलेखासकट पाठवणारे आणि डोळ्यांत पाणी आणून "आपण एक कुटुंब आहोत" म्हणत एकही आकडा न दाखवणारे, असे दोन्ही प्रकारचे अधिकारी अर्धेच काम करतात.

पण रीत नीट असली की माणसे वाईट निर्णय का पचवतात? याचे एक साधे उत्तर असे की नोकरीत कामगाराला खरे चित्र क्वचितच दिसते. कंत्राट खरेच गेले का, ताळेबंद खरा आहे का, आज कापलेला पगार दहा आठवड्यांनी खरेच परत येईल का, हे तपासण्याचे साधन त्याच्या हाती नसते. पण आपल्याला कसे वागवले गेले हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. जे दिसते त्यावरून तो न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. ज्याने प्रश्नांना तासभर उत्तरे दिली तो लपवत नसावा, आणि पुढच्या वेळी आपली पाळी येईल तेव्हाही सरळ वागेल. आजचा तोटा मग एका लांब हिशेबातली एक ओळ ठरतो. शिवाय कोणी वेळ काढून समजावते, तेव्हा आपण या ठिकाणी मोजले जातो हेही त्यातून कळते. बायकामुलांना कमी पगाराचे पाकीट दाखवताना माणसाला हे कळणे फार लागते.

निकाल चांगला असेल तर मात्र रीतीची चौकशी फारशी कोणी करत नाही. भरघोस बोनस मिळालेला माणूस तो कसा ठरला हे विचारायला जात नाही. जोएल ब्रॉकनर आणि बॅटिया वीझनफेल्ड यांनी 1996 मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून हाच ठसा दाखवला. रीतीचे वजन सर्वांत जास्त जाणवते ते वाईट बातमीच्या दिवशी. ओहायो राज्यात नोकरी गेलेल्या जवळपास हजार जणांच्या पाहणीत हे फार ठळक दिसले. आपल्याला नीट वागवून काढले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी 1 टक्का लोकांनी बेकायदा बडतर्फीचा दावा लावला होता. वाईट वागवले असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण 17 टक्के होते. नोकरी दोघांचीही गेली होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बहुतेक व्याख्यानांत गाळली जाते. दीड तासाच्या कारखान्यातही चोरी वाढलीच होती. तिथल्या माणसांच्या घरीही दहा आठवडे 15 टक्के कमीच येत होते. समजावणीने वेदना कमी झाली, नाहीशी झाली नाही, आणि पगार परत आला तेव्हाच आकडा खाली आला. वाट्याला रीत पर्याय होऊ शकत नाही, हे त्याच अभ्यासातले दुसरे सत्य आहे. अभ्यासाच्या मर्यादाही आहेत. प्रत्येक प्रकारचा एकच कारखाना होता, त्यामुळे मुळातच तिथल्या मुकादमांत किंवा वातावरणात काही फरक असेल तर तो पूर्णपणे वगळता येत नाही. आणि पंधरा मिनिटांत गुंडाळलेल्या त्या माणसांना आपण एका प्रयोगाचा भाग आहोत याची कल्पना नव्हती, हे आज वाचताना टोचते.

मग प्रश्न येतो तो म्हणणे मांडण्याचा. ॲलन लिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये एक छोटासा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कामाचे उद्दिष्ट ठरवून द्यायचे होते. एका गटाला उद्दिष्ट ठरण्याआधी बोलू दिले. दुसऱ्या गटाला आधी उद्दिष्ट ठरल्याचे सांगितले आणि मग तुमचे मत काय ते विचारले, म्हणजे बोलून काही बदलणार नाही हे उघड होते. तिसऱ्याला विचारलेच नाही. आधी बोलायला मिळालेल्यांना निर्णय सर्वांत न्याय्य वाटला यात नवल नाही. पण ज्यांच्या बोलण्याने काहीच बदलणार नव्हते त्यांनाही तो, न विचारलेल्यांपेक्षा, अधिक न्याय्य वाटला. नुसते ऐकून घेण्यालाही किंमत असते.

हा निष्कर्ष चुकीच्या हातात पडला तर घातक आहे, आणि तो पडतोही. सूचनापेटी लावायची, खुली सभा घ्यायची, अभिप्रायाचा अर्ज भरून घ्यायचा आणि निर्णय आधीच टाइप करून ठेवायचा. एकदा हे चालून जाते. रॉबर्ट फोल्गर यांच्या 1970च्या दशकातल्या अभ्यासांपासून असेही दिसत आले आहे की वारंवार बोलू देऊनही हाती काहीच येत नाही असे दिसले, तर माणसे कधीच न विचारलेल्यांपेक्षाही जास्त चिडतात. आधी गप्प बसणाऱ्याला निदान आशा तरी लावलेली नसते. खरी रीत कोणती आणि देखावा कोणता हे ओळखायची एक साधी खूण आहे. गेल्या वर्षभरात कामगारांच्या बोलण्याने एखादा निर्णय, लहान का होईना, बदलला का? एकही बदलला नसेल तर ती सभा निव्वळ वेळ काढण्यासाठी आहे, आणि हे सभेत बसलेल्यांना केव्हाच कळलेले असते.

आणखी एक कोपरा क्वचित उजेडात येतो. रीत अगदी निर्दोष असेल आणि तरीही निकाल विरोधात गेला, तर दोष द्यायला बाहेर कोणी उरत नाही. वशिल्याने बढती हुकली तर माणूस साहेबाला नावे ठेवून मोकळा होतो. पारदर्शक परीक्षेत हुकली तर बोट स्वतःकडे वळते. अशा वेळी संस्थेवरचा विश्वास टिकतो, पण स्वतःवरचा ढळतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणून चांगल्या निवड समितीचे काम यादी लावून संपत नाही. नाव नसलेल्याला कुठे कमी पडलो, पुढल्या खेपेला काय करता येईल, हे कोणीतरी समोर बसून सांगावे लागते.

दीड तास बोलायला पैसे लागत नाहीत. तरी बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांचीच बैठक होते. याची कारणे स्वभावात आहेत आणि कचेरीतही. वाईट बातमी सांगणाऱ्यालाही अपराधी वाटते, म्हणून तो लवकर सुटू पाहतो. वकील सांगतात, जितके कमी बोलाल तितके कोर्टात बरे. ओहायोचा आकडा पाहिला तर हा सल्ला नेमका उलटा पडतो. पण असे बोलणे शिकवता येते. ग्रीनबर्ग यांच्याच 2006 सालच्या अभ्यासात चार रुग्णालयांतल्या 467 परिचारिका होत्या. त्यांतल्या दोन रुग्णालयांत पगाराची पद्धत बदलून पगार कमी झाला होता. तिथल्या परिचारिकांची झोप उडाली. मात्र ज्या रुग्णालयात त्यांच्या वरिष्ठांना माणसाशी आदराने आणि खुलेपणाने कसे वागावे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तिथे निद्रानाशाची तक्रार बरीच कमी झाली, आणि सहा महिन्यांनीही कमीच होती. पगार मात्र कमीच राहिला होता.

हे सारे एका वरिष्ठाच्या वागणुकीपुरते झाले. रीत कायद्यातच गुंफलेली असते तेव्हा काय होते, याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन दिले आहे.

बोनसचा हिशेब हा तिथला जुना झगडा. 1950 मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात एक सूत्र घालून दिले. नफ्यातून आधी घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, भागभांडवलावर 6 टक्के आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी परतावा वजा करायचा. उरेल त्या रकमेवर कामगारांचा हक्क धरायचा. मालकाच्या मर्जीची दिवाळी भेट तिथून एका मोजता येणाऱ्या रीतीत आली, आणि पुढे 1965च्या बोनस कायद्यात किमान 4 टक्के आणि कमाल 20 टक्के अशी तिला चौकट मिळाली. आज नोकरदाराला दिवाळीला मिळणाऱ्या बोनसच्या मुळाशी हा गिरणीतला वाद आहे.

पण वाटाघाटीला बसायचे कोणी? 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन ठरवली. सूत गिरण्यांसाठी ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. करार ती करणार आणि तो सगळ्यांवर बंधनकारक. बाकी युनियनना टेबलापाशी जागा नाही. 1981च्या दिवाळीत तिने केलेला बोनसचा करार अनेक कामगारांना मान्य नव्हता. करार कायद्याने पूर्ण वैध होता, आणि तरीही तो आपला आहे असे त्यांना वाटत नव्हते. ते दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांचे प्रश्न होते, आणि 1946चा हा कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती.

संपाची कारणे एवढ्यातच संपत नाहीत. गिरण्यांची जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, राजकारण, हे सगळे त्यात होते. पण पोटाला चिमटा बसत असताना लाखो माणसे महिनोनमहिने एका कायद्याविरुद्धही लढली, याचा अर्थ केवळ पगाराच्या आकड्यांतून लागत नाही. आपल्या वतीने कोण बोलणार हे आपण ठरवू, एवढे त्यांना हवे होते. सरकारने सामंतांशी तडजोड केली नाही. प्रातिनिधिक युनियन तीच राहिली. वर्ष उलटून गेल्यावर कामगार मिळतील त्या अटींवर एकेक करून कामावर परतू लागले, आणि हजारोंना परत घेतलेच गेले नाही. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही.